‘आभारी असू’ म्हणजे शुक्रवारपर्यंत

चाकणच्या एका कारखान्यासाठी मी जर्मन पत्रव्यवहाराचं भाषांतर करते. कारखान्यात पोलादी पिना बनतात. याच समूहाचा दुसरा कारखाना दक्षिण जर्मनीत आहे आणि तिथल्या गुणवत्ता विभागातल्या एक बाई आमच्या उत्पादनप्रमुखांच्या सहकारी आहेत. फोनवर दोघं इंग्रजीत बोलतात. पण तक्रारीची मेल बाई जर्मनमध्ये लिहितात, कारण ती त्यांच्या फाइलला लागते. प्रमुख उत्तर मराठीत लिहितात, कारण त्यात जे कबूल केलं जातं ते शेवटी ग्राइंडिंगवरच्या आणि चेकिंगच्या माणसांना करायचं असतं. ते मराठी उत्तर मी जर्मनमध्ये नेते. म्हणजे एका पत्राला दोन वेळा भाषेची नदी ओलांडावी लागते आणि दोन्ही वेळा पाय घसरायची जागा एकच आहे: सौजन्य कुठे संपतं आणि काम कुठे सुरू होतं, ती.

9 सप्टेंबर 2025 ला, मंगळवारी, आलेली मेल घेऊ. 1200 पिनांचा लॉट तिकडे पोहोचला होता. शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं तर ती मेल अशी वाचली जाते:

“अतिशय सन्माननीय श्री. …, वेळेवर पाठवलेल्या मालाबद्दल खूप आभार. आवक तपासणीत खेदाने असे आढळून आले की, तपासलेल्या 80 नगांपैकी 5 नगांचा बाहेरील व्यास वरच्या मर्यादेबाहेर आहे. जोडणी विभागाच्या सांगण्यानुसार काही नग पोहोचले तेव्हाच किंचित गंजलेले होते. आपल्या मागच्या पत्रातले कारण आम्हाला दुर्दैवाने पूर्णपणे समजण्याजोगे नाही. उशिरात उशिरा 38व्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत आपण आपली भूमिका पाठवू शकलात, तर आम्ही आपले आभारी असू. यापुढे प्रत्येक मालासोबत मोजमापांचा तक्ता मिळू शकला तर छान होईल. बदली माल 40व्या आठवड्यात येऊ शकला तर मदत होईल. कदाचित गुरुवारी 11 तारखेला आपल्याला थोडक्यात फोनवर बोलता येईल. मैत्रीपूर्ण अभिवादनांसह.”

प्रमुखांनी हे वाचलं आणि म्हणाले, “बाई चिडलेल्या दिसत नाहीत. जमेल तसं करू.” त्यांची चूक नव्हती. त्यांनी जे वाचलं त्याचा मराठीत तोच अर्थ होतो. चूक माझ्या पहिल्या भाषांतराची होती.

शाळेत आपण क्रियापदाचे अर्थ शिकतो: आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. जर्मनमध्ये अनोळखी किंवा कामाच्या माणसाला काही सांगायचं तर क्रियापद ‘कोन्युंक्टिव्ह’ नावाच्या रूपात जातं. ‘वीअर व्हेरन ईनन डांकबार’ म्हणजे ‘आम्ही आपले आभारी असू’, आणि त्याला जोडून ‘आपण करू शकलात तर’. हे रूप आपल्या संकेतार्थाच्या जवळचं आहे: असं झालं असतं तर तसं झालं असतं. म्हणून हात आपोआप ‘शकलात तर’ कडे जातो. पण मराठीत हे रूप खरोखरच मोकळीक देतं. ‘जमलं तर या’ असं आपण म्हणतो तेव्हा न येणाऱ्यावर राग धरत नाही. जर्मन कार्यालयात त्या रूपाला तशी मोकळीक नसते. ते फक्त आवाज खाली ठेवतं. बंधन वाक्याच्या दुसऱ्या भागात, तारखेत बसलेलं असतं. ‘श्पेटेस्टन्स’, म्हणजे उशिरात उशिरा, हा शब्द त्याच वाक्यात आहे, आणि ज्याला खरंच मोकळीक द्यायची आहे तो माणूस हा शब्द वापरत नाही.

मराठीतलं सौजन्य विध्यर्थात राहतं. ‘कळवावे’, ‘पाठवावे’, ‘हजर राहावे’. यात आज्ञेचा कडकपणा नाही, पण टाळायची वाटही नाही. तेव्हा त्या वाक्याचं खरं मराठी असं होतं: ‘कृपया शुक्रवार, 19 सप्टेंबरपर्यंत लेखी स्पष्टीकरण पाठवावे, ही विनंती.’ जर्मन संकेतार्थाचा मराठी विध्यर्थ करायचा, ही माझ्या कामातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे आणि ती मला उशिरा कळली.

या वाक्यात मी आणखी दोन शब्द बदलले. ‘भूमिका’ गेली. जर्मन शब्द ‘श्टेलुंगनामं’ फोडला तर त्यात भूमिका घेणं आहेच, पण कारखान्याच्या व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की काय झालं, का झालं आणि तुम्ही काय करताय, ते लिहून द्या. ‘खुलासा’ हा शब्द जवळ होता. पण आपल्या सरकारी मराठीत खुलासा मागितला की पाठोपाठ कारणे दाखवा नोटीस येईल असं वाटतं. बाईंच्या मनात तसं काही नव्हतं. ‘लेखी स्पष्टीकरण’ हे वजन बरोबर पेलतं.

दुसरा बदल 38व्या आठवड्याचा. जर्मनीत वर्षाचे आठवडे क्रमांकाने ओळखले जातात. शब्द आहे ‘कालेंडरव्होखं’ आणि बोलताना त्याच्या दोन अक्षरांचा उच्चार ‘का-वे’ असा होतो. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो पहिला. 2025 चा 38वा आठवडा 15 सप्टेंबरला सुरू झाला, म्हणजे कार्यालयीन अखेर शुक्रवार 19. चाकणमध्ये कुणीही आठवडा असा मोजत नाही. भाषांतरात नुसता आकडा ठेवला तर तो कुणाच्याही डोक्यात शिरत नाही आणि शिरला नाही की मनातल्या मनात त्याचं ‘या महिन्यात कधीतरी’ होतं. म्हणून मी तारीख आणि वार लिहिते आणि उत्तरात दोन्ही ठेवते: त्यांच्यासाठी आठवडा, आपल्यासाठी तारीख.

फोनच्या वेळेचीही एक गंमतशीर बाजू आहे. बाईंनी लिहिलं होतं ‘हाल्प त्सेन’, शब्दशः ‘अर्धे दहा’. इंग्रजीच्या सवयीने बरेच जण याला साडेदहा समजतात. जर्मन माणूस येणाऱ्या तासाचं नाव घेतो: दहाकडे जाताना अर्धा तास झाला, म्हणजे साडेनऊ. आपण साडेनऊत गेलेल्या तासाचं नाव घेतो, ते येणाऱ्याचं. सप्टेंबरात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो, म्हणजे चाकणमध्ये दुपारचा एक. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात आणि हे अंतर साडेचार तासांचं होतं. उलट ‘आजपासून आठ दिवसांनी’ म्हणजे एक आठवडा, हे दोन्ही भाषांत अगदी एकसारखं आहे. त्यांचे ‘चौदा दिवस’ मात्र आपले ‘पंधरा दिवस’. तिथेही मी तारीखच लिहिते.

आता मेलमधल्या तीन नाजूक वाक्यांकडे येते, कारण उत्तराचा सूर त्यांच्यावर अवलंबून होता.

‘असे आढळून आले’ हे वाक्य मराठीत ऐकलं की चौकशी अहवाल आठवतो. जर्मनमध्ये कर्मणी प्रयोगाचा हेतू बहुधा उलट असतो. कुणी केलं हे न सांगता काय आहे एवढंच मांडायचं. त्यात आरोप नाही, म्हणून उत्तरात बचावाची गरज नाही. मी भाषांतरात ते ‘80 पैकी 5 नग मर्यादेबाहेर आहेत’ असं साधं केलं.

दुसरं वाक्य गंजाचं. इथे जर्मन क्रियापदाचं रूप वेगळं होतं. त्यांच्याकडे कोन्युंक्टिव्हचा आणखी एक प्रकार आहे. तो मुख्यतः दुसऱ्याचं म्हणणं पोहोचवायला वापरतात. बाई त्या रूपात लिहितात तेव्हा त्या सांगत असतात की हे जोडणी विभागाने मला सांगितलं, मी स्वतः पाहिलेलं नाही, म्हणून माझ्या नावावर धरू नका. मराठीत त्यासाठी ‘म्हणे’ हा सुंदर शब्द आहे, पण ‘नग गंजलेले होते म्हणे’ यात अविश्वास डोकावतो, आणि बाईंच्या वाक्यात अविश्वास नव्हता, फक्त अंतर होतं. ‘असे जोडणी विभागाचे म्हणणे आहे’ हे बरोबर बसलं. फरक बारीक वाटेल, पण उत्तरात तो पैशाचा होतो. व्यासाची तक्रार बाईंनी मोजून केलेली होती, ती मान्य करायची. गंजाची ऐकीव होती, तिथे आधी पुरावा मागायचा. शब्दशः भाषांतरात ही दोन्ही वाक्यं एकाच वजनाची दिसत होती आणि प्रमुख दोन्हींची एकदम माफी मागायला निघाले होते.

तिसरं वाक्य सगळ्यांत कडक होतं, आणि आम्हाला ते सगळ्यांत मऊ वाटलं होतं. ‘लायडर निश्ट गांत्स नाखफोल्त्सीबार’, दुर्दैवाने पूर्णपणे समजण्याजोगं नाही. जर्मन कारखान्यात याचा अर्थ तुमचं कारण आम्हाला पटलेलं नाही, दुसरं द्या. मागच्या वेळी आम्ही लिहिलं होतं की ऑपरेटरच्या चुकीमुळे असं झालं आणि त्याला समज दिली आहे. आपल्याकडे या उत्तराने प्रकरण मिटतं. एका माणसाचं नाव पुढे आलं, तो ओशाळला, संपलं. तिकडे यातून नवा प्रश्न तयार होतो: माणूस चुकणारच, मग चूक पुढे जाईपर्यंत तपासणीने का पकडली नाही? या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूची आहे. समज दिल्याने मशीनचा साइज खाली येत नाही.

प्रमुखांनी बुधवारी सकाळी उत्तराचा पहिला मसुदा दिला:

“स.न.वि.वि. आपली मेल मिळाली. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. सदर बाबतीत आम्ही तातडीने लक्ष घालत आहोत. यापुढे असे होणार नाही याची पूर्ण काळजी घेऊ. तक्त्याचेही बघतो. बदली माल लवकरात लवकर पाठवू. लोभ असावा.”

मराठी माणसाला हे पत्र पावतं. यात नम्रता आहे, माणूस आहे, नातं जपायची इच्छा आहे. हेच जर्मनमध्ये गेलं की त्यात काहीच उरत नाही. ‘तातडीने’ म्हणजे कधी? ‘लक्ष घालत आहोत’ म्हणजे कोण, काय करतंय? ‘बघतो’ तर फारच अवघड. मराठीत ‘बघतो’ हा शब्द होकारापासून नकारापर्यंत कुठेही उभा राहू शकतो आणि ऐकणाऱ्याला चेहऱ्यावरून कळतं. कागदावर चेहरा नसतो. जर्मन वाचक एक तर त्याला वचन समजतो किंवा प्रश्न टाळला असं समजतो. दोन्ही वाईट.

इथे दोन भाषांमधला खरा फरक दिसतो. जर्मन पत्र आडवळणाचं वाटतं, पण आडवळण फक्त क्रियापदात असतं. आकडे आणि तारखा उघड्या असतात. आपलं पत्र उघड्या मनाचं वाटतं, क्रियापद सरळ असतं, ‘करतो’, ‘पाठवू’. पण आकडा आणि तारीख आपण सौजन्य म्हणून झाकतो. तारीख सांगून ती चुकली तर शब्द खाली पडेल, म्हणून न सांगणं आपल्याला सभ्य वाटतं.

उत्तर लिहिताना आम्ही म्हणून एक नियम धरला. मायन्याला आणि शेवटी मराठी सौजन्य पूर्ण ठेवायचं, मधल्या भागात त्याचा एक शब्दही नको. मायन्याची काळजी नव्हतीच. त्यांचं ‘मैत्रीपूर्ण अभिवादनांसह’ आणि आपलं ‘स.न.वि.वि.’ ही एकाच जातीची वाक्यं आहेत. सप्रेम नमस्कारातलं प्रेम कुणी मोजत नाही. मी एकाच्या जागी दुसरं घालते. मधल्या भागात त्यांच्या मेलमधल्या प्रत्येक मुद्द्याला त्याच क्रमाने उत्तर द्यायचं. एखादा मुद्दा गाळला तर आपल्याकडे तो विसरला गेला असं धरतात. तिकडे तो नाकारला गेला असं धरण्याची शक्यता जास्त.

पण लिहायला काही असावं लागतं. प्रमुख शॉपवर गेले आणि रजिस्टर उघडलं. पिनेचा व्यास 11.98 ते 12.00 मिलिमीटर हवा. सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये चाक झिजत जातं तशी चाकांमधली फट वाढते आणि नगाचा साइज हळूहळू वर सरकतो. म्हणून ठरावीक नगांनंतर हिऱ्याच्या टोकाने चाकाचं ड्रेसिंग करून साइज पुन्हा सेट करतात. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतरचं ड्रेसिंग झालंच नव्हतं. तपासणी तासाला एका नगाची होती. दोनचा नग 12.00 भरला, म्हणजे अगदी काठावर, आणि पास झाला. तीनच्या नगाची नोंद कोरी होती. मधल्या वेळेतले नग 12.01 आणि 12.02 ला गेले. चूक एका माणसाची होतीच, पण तिला जायला वाट तपासणीच्या पद्धतीने दिली होती. हे लिहायचं ठरलं.

दुसरा मसुदा असा झाला:

“स.न.वि.वि. दिनांक 9 सप्टेंबरच्या मेलबद्दल आभार. मुद्द्यांची उत्तरे आपल्याच क्रमाने देत आहे.

व्यास: 80 पैकी 5 नग मर्यादेबाहेर आहेत, हे मान्य. या लॉटचे आपल्याकडील उरलेले नग कृपया वापरू नयेत. आमच्याकडील 640 नगांची एकेक करून तपासणी आज सुरू झाली आहे, ती शुक्रवारी 12 सप्टेंबरला पूर्ण होईल.

गंज: आमच्याकडून नग गंजविरोधी तेल लावून, बंद पिशवीत निघाले. नगांचे व पिशव्यांचे फोटो मिळाल्यावर आम्ही तीन दिवसांत उत्तर देऊ. तोवर यावर मत देत नाही.

कारण: मागचे कारण अपुरे होते. दुपारी 1 नंतर चाकाचे ड्रेसिंग झाले नाही. तासाला एकच नग मोजत असल्याने ते लक्षात आले नाही. आजपासून अर्ध्या तासाला 5 नग मोजले जातील आणि 11.995 च्या वर वाचन आल्यास मशीन थांबवले जाईल. या पद्धतीने केलेल्या मोजमापांसह पूर्ण स्पष्टीकरण गुरुवार, 18 सप्टेंबरला (38वा आठवडा) पाठवू.

तक्ता: पुढील मालापासून प्रत्येक लॉटसोबत जाईल. प्रत्येक नगाची नोंद देणे शक्य नाही. लॉटमागे 50 नगांची देऊ.

बदली माल: तपासलेले 200 नग शुक्रवार, 26 सप्टेंबरला विमानाने निघतील. 1 ऑक्टोबरला खंडेनवमी व 2 ला दसरा असल्याने 40व्या आठवड्यात आमच्याकडून काही निघणार नाही. आपल्याकडे 3 ऑक्टोबरला सुट्टी आहे, म्हणून 2 पर्यंत माल आपल्या हाती पोहोचेल असे पाहिले आहे.

फोन: गुरुवार, 11 सप्टेंबर, आपले 9:30, आमचा दुपारचा 1. मी फोन करेन.

कळावे.”

यात नकार दोन आहेत आणि दोन्ही उघड आहेत: गंजावर आता मत नाही, आणि प्रत्येक नगाची नोंद मिळणार नाही. प्रमुखांना हे लिहिणं जड गेलं. ‘शक्य नाही’ च्या जागी त्यांनी आधी ‘जरा अवघड आहे’ लिहिलं होतं. खरं तर जर्मन लोकही ‘हे अवघड जाईल असं दिसतं’ असं म्हणून नकार देतात. या बाबतीत आपण सख्खे भाऊ आहोत. पण परक्या भाषेत उतरलेलं ‘अवघड’ वाचणाऱ्याला कळत नाही की हा नकार आहे की मदतीची मागणी. नकारापाठोपाठ जे देता येईल त्याचा आकडा लिहिला, 50 नगांचा, की ‘शक्य नाही’ यातला कडवटपणा जातो. दिलगिरीचं वाक्य मात्र आम्ही ठेवलं नाही. ‘मागचे कारण अपुरे होते’ हेच तिचं काम करतं, आणि जास्त चांगलं करतं.

जर्मन करताना क्रियापदं मी पुन्हा मऊ केली. ‘वापरू नयेत’ चं ‘आपण बाजूला ठेवलेत तर आम्ही आभारी असू’ झालं. हे मराठीला परकं असलं तरी जर्मनमध्ये घरचं आहे. तारखा आणि आकडे तसेच राहिले, फक्त त्यांची चिन्हं बदलली. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम असतो आणि हजाराला टिंब, आपल्या बरोबर उलट. आपलं 11.995 मी 11,995 केलं. तसं केलं नसतं तर तिकडच्या डोळ्याला ते अकरा हजार नऊशे पंचाण्णव दिसलं असतं. 1200 सारख्या संख्येत मी चिन्हच घालत नाही. ‘1,200’ असं लिहिलं तर जर्मन वाचक ते एक पूर्णांक दोन दशांश असं वाचतो.

एक प्रश्न मला नेहमी विचारतात: बाईंना ‘तुम्ही’ की ‘आपण’? जर्मनमध्ये दोनच पायऱ्या आहेत, आदराचा ‘झी’ आणि जवळचा ‘डू’. ‘झी’ ला क्रियापद लागतं ते मूळचं ‘ते लोक’ चं, जसं आपण एकट्या आजोबांना ‘ते आले’ म्हणतो. आपल्याकडे तीन पायऱ्या आहेत. कारखान्याच्या पत्रात ‘झी’ साठी ‘आपण’ ठेवावं. पुढे कधी बाईंनी ‘डू’ म्हणायला सुचवलं, तरी मराठीत ‘तुम्ही’ पर्यंतच खाली यावं. सहकाऱ्यांमधला ‘डू’ आपल्या ‘तू’ इतका घरात आलेला नसतो.

उत्तर 10 सप्टेंबरला संध्याकाळी गेलं. बाईंचं प्रत्युत्तर दुसऱ्या दिवशी फोनच्या आधी आलं, दोन ओळींचं: स्पष्ट उत्तराबद्दल आभार, आणि गंजाचे फोटो सोबत जोडले आहेत. फोटोंत पिशव्यांची शिवण फाटलेली दिसत होती, म्हणजे पिशवीचा पुरवठादार बदलण्याचं काम निघालं. मराठी मसुद्यातला ‘कारण’ हा परिच्छेद प्रमुखांनी छापून ग्राइंडिंगच्या मशीनशेजारी लावला आहे आणि अर्ध्या तासाला 5 नगांची नोंद त्याच्याच खाली लटकवलेल्या रजिस्टरमध्ये होते.